ट्रान्समॉनची अवस्था रेझोनेटरमधून कशी वाचायची, आणि ते वाचन 250 मेगाहर्ट्झवर का उभं असतं

ट्रान्समॉन क्युबिट फ्रिजमध्ये 15 मिलिकेल्विनला बसलाय, केबल जोडून झाल्यात. आता त्याला विचारायचंय की तू 0 मध्ये आहेस की 1 मध्ये. थेट विचारायची सोय नाही, कारण क्युबिट मोजणीच्या केबलला सरळ जोडला तर त्याची ऊर्जा त्याच केबलमधून निघून जाते. म्हणून दोघांच्या मध्ये एक मायक्रोवेव्ह रेझोनेटर ठेवतात. क्युबिटची वारंवारता रेझोनेटरपासून लांब असते, त्यामुळे दोघांत ऊर्जेची देवाणघेवाण जवळजवळ होत नाही. पण क्युबिटची अवस्था बदलली की रेझोनेटरची वारंवारता किंचित सरकते. आपण रेझोनेटरवर सूर सोडतो, परतलेल्या सुराचा फेज बघतो आणि क्युबिटबद्दल निष्कर्ष काढतो. याला डिस्पर्सिव्ह रीडआउट म्हणतात. ही मांडणी येल विद्यापीठात 2004 च्या सुमारास उभी राहिली आणि ट्रान्समॉनची कल्पना त्याच गटातून 2007 मध्ये आली.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. मला सांगायचंय ते पुढचं आहे. क्युबिट जर अगदी सरळ, रेषीय दोलक असता, तर तो रेझोनेटरला कितीही घट्ट जोडला तरी हे वाचन शून्य झालं असतं. वाचता येतं ते ट्रान्समॉनच्या किंचित असमपणामुळे, म्हणजे अनहार्मोनिसिटीमुळे. तो असमपणा थोडा आहे म्हणून वाचनाचा संकेतही थोडा आहे. एक ठरावीक चिप घेऊन हे कागदापासून मोजमापापर्यंत करून बघू. आकडे मी असे निवडलेत की हातानं पडताळता यावेत. E_J, E_C, g, χ, κ हे सगळे वारंवारतेच्या एककात आहेत, म्हणजे h ने किंवा 2π ने भागून.

पायरी 1: जंक्शन आणि कपॅसिटर ठरवणं

ट्रान्समॉन म्हणजे एक जोसेफसन जंक्शन आणि त्याला समांतर मोठा कपॅसिटर. जंक्शनची ऊर्जा E_J, कपॅसिटरची चार्जिंग ऊर्जा E_C. हॅमिल्टोनियन असं:

```
H = 4·E_C·(n − n_g)² − E_J·cos φ
```

n म्हणजे जंक्शन ओलांडून गेलेल्या कूपर जोड्यांची संख्या, φ म्हणजे जंक्शनवरचा फेजफरक, आणि n_g म्हणजे आजूबाजूच्या भटक्या विद्युतभारानं लादलेला ऑफसेट. हा n_g आपल्या हातात नसतो. सब्स्ट्रेटमध्ये कुठेतरी एखादा भार हलला की तोही हलतो.

आपल्या चिपसाठी E_C = 250 मेगाहर्ट्झ घेऊ. E_C = e²/2C या सूत्रातून कपॅसिटन्स सुमारे 77 फेम्टोफॅरड येतो, आणि चिपवर समोरासमोर ठेवलेल्या दोन धातूच्या पॅडमधून तेवढा सहज मिळतो. E_J = 13.78 गिगाहर्ट्झ घेऊ. त्यासाठी जंक्शनचा क्रांतिक प्रवाह सुमारे 28 नॅनोअँपिअर लागतो.

हा प्रवाह फ्रिज थंड करण्याआधीच अंदाजता येतो. विनय आंबेगावकर आणि अॅलेक्सिस बॅराटॉफ यांनी 1963 मध्ये दाखवलं की अतिवाहक जंक्शनचा क्रांतिक प्रवाह आणि त्याचा सामान्य अवस्थेतला रोध यांचा गुणाकार त्या धातूच्या अतिवाहक गॅपवरून ठरतो. अॅल्युमिनियमच्या पातळ थरासाठी हिशोब केला तर आपल्या जंक्शनचा रोध 10 किलोओमच्या आसपास यायला हवा. थंड झाल्यावर तो थोडा वाढतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला थोडा कमी दिसेल. प्रोब स्टेशनवर प्रत्येक जंक्शनचा रोध मोजून वहीत लिहून ठेवा. क्युबिटची वारंवारता रोधाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. रोध 10 टक्क्यांनी चुकला तर वारंवारता 5 टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ 250 मेगाहर्ट्झनं चुकते. फ्रिज थंड व्हायला लागणारे दोन दिवस वाचवणारं मोजमाप हेच.

पायरी 2: हा दोलक किंचितच असम का

वरचं हॅमिल्टोनियन लंबकाचंही आहे. cos φ हा गुरुत्वाकर्षणाचा भाग, n² हा गतिज ऊर्जेचा. E_J हे E_C पेक्षा खूप मोठं असलं की लंबक जड असतो आणि तळाशी लहान झोके घेतो. लहान झोक्यांसाठी cos φ जवळजवळ परवलयासारखा असतो, म्हणून पातळ्या जवळजवळ सारख्या अंतरावर पडतात. हे अंतर √(8·E_J·E_C), म्हणजे आपल्या चिपसाठी 5.25 गिगाहर्ट्झ.

आता ते ‘जवळजवळ’ मोजू. तळाच्या अवस्थेतही φ पूर्ण स्थिर नसतो. त्याचं क्वांटम चढउतार (2E_C/E_J)^¼ एवढं असतं, म्हणजे आपल्याकडे 0.44 रेडियन किंवा 25 अंश. 25 अंशांचा झोका अगदी लहान म्हणता येत नाही. एवढ्या झोक्याला लंबकाचा आवर्तकाल थोडा वाढतो हे शाळेच्या प्रयोगशाळेतही दिसतं, म्हणूनच तिथे झोका लहान ठेवायला सांगतात. ट्रान्समॉनमध्ये हेच घडतं. ऊर्जा वाढली की झोका वाढतो आणि वारंवारता घटते. cos च्या विस्तारातलं φ⁴ चं पद घेऊन पहिल्या क्रमाचा हिशोब केला तर:

```
E_m ≈ √(8·E_J·E_C)·(m + ½) − (E_C/12)·(6m² + 6m + 3)
```

यातून 0 ते 1 हे अंतर 5.25 − 0.25 = 5.00 गिगाहर्ट्झ, आणि 1 ते 2 हे अंतर 4.75 गिगाहर्ट्झ. दोहोंतला फरक α = −E_C = −250 मेगाहर्ट्झ. जिन्याची प्रत्येक वरची पायरी आधीच्यापेक्षा 5 टक्क्यांनी बुटकी आहे. पूर्ण अनहार्मोनिसिटी एवढीच.

मग ती वाढवत का नाहीत? E_J/E_C चं गुणोत्तर कमी केलं तर असमपणा वाढतो हे खरं. पण त्याबरोबर n_g चा त्रास परततो. आपलं गुणोत्तर 55 आहे, आणि n_g कसाही भटकला तरी पहिल्या उत्तेजित पातळीची ऊर्जा फार तर 5 किलोहर्ट्झनं हलते. तेच गुणोत्तर 20 केलं, E_C तेवढंच ठेवलं, तर ती जवळपास 6 मेगाहर्ट्झनं हलेल, म्हणजे हजारपटीहून अधिक. आणि त्या बदल्यात सापेक्ष असमपणा 5 वरून जेमतेम 9 टक्क्यांवर जातो. भाराची संवेदनशीलता √(8E_J/E_C) च्या घातांकी वेगानं घटते, अनहार्मोनिसिटी मात्र वर्गमुळाच्या हळू चालीनं. या दोन वेगांतल्या तफावतीवरच ट्रान्समॉन उभा आहे. असमपणा जाणूनबुजून कमी ठेवलेला आहे, आणि त्याची किंमत पुढे रीडआउटमध्ये मोजावी लागते.

एक सावधगिरी. α = −E_C हा पहिल्या क्रमाचाच अंदाज. चिप काढायला बसाल तेव्हा हे मॅट्रिक्स संगणकावर सोडवून घ्या:

```python
import numpy as np
EC, EJ, N = 0.250, 13.78, 20      # GHz
n = np.arange(-N, N+1)
hop = np.eye(2*N+1, k=1) + np.eye(2*N+1, k=-1)

def levels(ng):
    H = np.diag(4*EC*(n-ng)**2) - EJ/2*hop
    return np.linalg.eigvalsh(H)[:4]

E = levels(0.25)
f01, f12 = E[1]-E[0], E[2]-E[1]
print(f01, f12-f01)
```

0–1 चं अंतर 4.99 गिगाहर्ट्झच्या आसपास येतं, पण α −250 ऐवजी −285 मेगाहर्ट्झच्या जवळ. वारंवारता नीट जुळली म्हणून अनहार्मोनिसिटीही जुळलीच असेल असं धरू नका. पुढचा हिशोब हातानं करता यावा म्हणून मी −250 च ठेवतोय. खऱ्या चिपवर तुमचा मोजलेला आकडा घाला.

पायरी 3: रेझोनेटर जोडला की काय सरकतं

रेझोनेटर 7.000 गिगाहर्ट्झचा, क्युबिटपेक्षा 2 गिगाहर्ट्झ वर. जोडणीची ताकद g = 100 मेगाहर्ट्झ. g हे 2000 मेगाहर्ट्झच्या मानानं लहान आहे, म्हणून ऊर्जा इकडून तिकडे वाहत नाही. दोघांच्या पातळ्या एकमेकींना फक्त ढकलतात, आणि ढकलण्याचं प्रमाण g² भागिले अंतर.

क्युबिट 0 मध्ये असताना रेझोनेटरला फक्त 0–1 हे संक्रमण जाणवतं. ते खाली आहे, म्हणून रेझोनेटर वर ढकलला जातो: 100²/2000 = 5 मेगाहर्ट्झ. रेझोनेटर 7.0050 वर दिसतो.

क्युबिट 1 मध्ये असताना दोन गोष्टी एकदम होतात. 0–1 संक्रमण आता उलटं ढकलतं, 5 मेगाहर्ट्झ खाली. आणि 1–2 हे संक्रमण जागं होतं. दोलकात वरच्या पायरीची जोडणी √2 पट असते, म्हणजे g² च्या जागी 2g². त्याचं रेझोनेटरपासूनचं अंतर 2250 मेगाहर्ट्झ. त्यामुळे ते 20000/2250 = 8.89 मेगाहर्ट्झ वर ढकलतं. बेरीज 8.89 − 5 = 3.89. रेझोनेटर 7.0039 वर.

आता α शून्य धरून हाच हिशोब पुन्हा करा. 1–2 चं अंतरही 2000 च राहील, धक्का 20000/2000 = 10, आणि 10 − 5 = 5. म्हणजे 0 मध्ये होता अगदी तिथेच. क्युबिट 0 मध्ये असो वा 1 मध्ये, रेझोनेटर जागचा हलत नाही. एकाच दोरीवर बांधलेले दोन लंबक आठवा. दोघांचे झोके लहान असतील तर एकाचा झोका किती मोठा आहे यावरून दुसऱ्याची लय बदलत नाही. माझ्या मते डिस्पर्सिव्ह रीडआउट समजण्याची ही सगळ्यात छोटी वाट आहे, आणि प्रत्येकानं हे गणित एकदा स्वतःच्या हातानं करावं.

सूत्रात हे असं दिसतं. Δ म्हणजे क्युबिटची वारंवारता वजा रेझोनेटरची, इथे −2000:

```
χ = (g²/Δ) · α/(Δ + α) = (−5) · (250/2250) = −0.56 MHz
```

रेझोनेटरच्या दोन जागांमधलं अंतर 2χ, म्हणजे 1.11 मेगाहर्ट्झ. पाठ्यपुस्तकातल्या शुद्ध दोन-पातळी अणूसाठी α चा गुणक नसतो आणि χ थेट 5 मेगाहर्ट्झ येतो. आपल्याला त्याचा नववा हिस्सा मिळाला. g आणि Δ तेच असूनही नऊपट कमी संकेत, ही भाराच्या गोंगाटापासून मिळालेल्या सुटकेची किंमत. ट्रान्समॉनसाठी दोन-पातळीचं सूत्र वापरून चिप काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक. मग अपेक्षित सरकणं कुठेच सापडत नाही आणि दोष अॅम्प्लिफायरवर जातो.

रेझोनेटरची रुंदी κ किती ठेवायची? परावर्तनात मोजत असाल आणि सूर दोन्ही जागांच्या बरोबर मध्ये, 7.00445 वर ठेवला, तर κ = 2χ असताना 0 साठी फेज एका बाजूला 90 अंश आणि 1 साठी दुसऱ्या बाजूला 90 अंश जातो. दोन उत्तरं एकमेकांच्या बरोबर विरुद्ध येतात. म्हणून κ = 1.1 मेगाहर्ट्झ. κ खूप जास्त ठेवली तर दोन्ही वक्र एकमेकांवर पसरून फेजमधला फरक बारीक होतो. खूप कमी ठेवली तर दोन्ही वक्र स्पष्ट वेगळे असतात, पण रेझोनेटर भरायला आणि रिकामा व्हायला वेळ घेतो, तोवर क्युबिट खाली आलेला असतो.

पायरी 4: व्हीएनएवर पहिली खूण

प्रत्यक्ष कामाची सुरुवात फक्त रेझोनेटरपासून, आणि तीही व्हीएनएनं, म्हणजे सूर सोडून परतलेल्या सुराचा मॅग्निट्यूड आणि फेज मोजणाऱ्या यंत्रानं. आत जाणाऱ्या केबलवर वेगवेगळ्या तापमानाच्या टप्प्यांवर मिळून 60 डेसिबल किंवा जास्त अॅटेन्युएशन असतं, म्हणजे खोलीतला उष्ण गोंगाट चिपपर्यंत पोचत नाही. बाहेर येताना सर्क्युलेटर किंवा आयसोलेटर, मग अॅम्प्लिफायर. आपल्या रेझोनेटरमध्ये सरासरी 10 फोटॉन ठेवायला चिपपाशी सुमारे −128 डीबीएम पॉवर पुरते. फ्रिजमध्ये एकूण 70 डेसिबल कापले जात असतील तर व्हीएनएवर −58 लावायची.

केबलच्या लांबीमुळे येणारा फेजचा उतार आधी काढून टाका. रेझोनेटरमध्ये आतला क्षय कमी असेल तर परावर्तनात मॅग्निट्यूडमध्ये जेमतेम खळगा दिसतो. फेज मात्र अनुनादाला पूर्ण 360 अंश फिरतो. मॅग्निट्यूड बघत बसणारा रेझोनेटर सापडला नाही म्हणून उगाच घाबरतो.

मग पॉवर हळूहळू वाढवत नेऊन तोच आलेख पुन्हा पुन्हा घ्या. कमी पॉवरला अनुनाद 7.005 वर स्थिर असतो. पॉवर वाढली की तो डळमळतो, वेडावाकडा होतो आणि मोठ्या पॉवरला 7.000 वर जाऊन पुन्हा स्वच्छ दिसतो. रेझोनेटर क्युबिटपासून सुटून मूळ जागी गेला. पॉवर उभ्या अक्षावर ठेवून रंगीत आलेख काढला तर सरळ रेघ मध्येच तुटून डावीकडे उडी मारलेली दिसते. ही उडी दिसली की जंक्शन जिवंत आहे. दिसली नाही तर जंक्शन बहुधा उघडं किंवा शॉर्ट आहे, आणि पायरी 1 मधली वही उघडायची वेळ आली.

या उडीतून आणखी दोन गोष्टी कळतात. कमी पॉवरची जागा मूळ जागेपेक्षा वर असेल तर क्युबिट रेझोनेटरच्या खाली आहे. उडीची लांबी 5 मेगाहर्ट्झ म्हणजे g²/|Δ|, तेव्हा Δ कळला की g लगेच हातात येतो.

पायरी 5: क्युबिट शोधणं, आणि एक फसवी रेघ

रीडआउटचा सूर 7.005 वर चालू ठेवा. दुसरा सूर 4.5 ते 5.5 गिगाहर्ट्झ फिरवा. तो क्युबिटला लागला की क्युबिट काही वेळ 1 मध्ये जातो, रेझोनेटर सरकतो, आणि पहिल्या सुराच्या फेजमध्ये रेघ उमटते. आपल्या चिपवर ती 4.995 वर असेल. 5.000 नाही, कारण जसा रेझोनेटर 5 मेगाहर्ट्झ वर ढकलला गेला तसाच क्युबिट 5 मेगाहर्ट्झ खाली गेलाय.

दुसऱ्या सुराची पॉवर वाढवली की 4.87 च्या जवळ आणखी एक रेघ उगवते. ही दोन फोटॉनांनी एकदम 0 वरून 2 वर नेणारी. तिची जागा 0–2 अंतराच्या निम्म्यावर, म्हणजे 0–1 पेक्षा |α|/2 खाली. या दोन रेघांमधलं अंतर दुप्पट केलं की अनहार्मोनिसिटी मिळते.

सुरुवातीच्या दिवसांत मी या दुसऱ्या रेघेवर दोन दिवस घालवले आहेत. पॉवर जरा जास्त होती. खरी 0–1 रेघ इतकी रुंदावली होती की ती मला पार्श्वभूमीतला उंचवटा वाटली, आणि 4.87 ची बारीक, नेटकी रेघ क्युबिट वाटली. तिच्यावर पल्स दिले तर राबी आंदोलनं, म्हणजे पल्सखाली क्युबिटचं दोन पातळ्यांमध्ये मागेपुढे होणं, ड्राइव्हच्या अॅम्प्लिट्यूडच्या प्रमाणात वाढेनात, वर्गाच्या प्रमाणात वाढली. ओळखायचं ते यावरूनच. एकफोटॉन संक्रमणाची राबी वारंवारता ड्राइव्ह दुप्पट केली की दुप्पट होते, दोनफोटॉनची चौपट. त्याहून सोपा नियम असा की स्पेक्ट्रोस्कोपीची पॉवर कमी करत न्या आणि शेवटी जी रेघ टिकते ती 0–1.

रीडआउटचा सूरही क्युबिटला हलवतो हे विसरू नका. रेझोनेटरमधला प्रत्येक फोटॉन क्युबिटला 2χ, म्हणजे 1.11 मेगाहर्ट्झनं खाली खेचतो. याचा फायदा करून घेता येतो. रीडआउटची पॉवर बदलत रेघ किती सरकते ते मोजा, 1.11 नं भागा, आणि रेझोनेटरमध्ये किती फोटॉन आहेत ते कळतं. केबलमधला क्षय वेगळा मोजायची गरज उरत नाही.

पायरी 6: χ मोजणं आणि ढग बघणं

0–1 वर राबी करून π पल्स, म्हणजे क्युबिटला 0 वरून पूर्ण 1 वर नेणारा पल्स, ठरवा. पल्स फार आखूड करू नका. 4–5 नॅनोसेकंदांच्या पल्सची पट्टी 200 मेगाहर्ट्झच्या घरात जाते आणि 1–2 संक्रमणालाही भिडते. 20–30 नॅनोसेकंद आणि गुळगुळीत आकार ठीक.

आता रीडआउटच्या सुराची वारंवारता रेझोनेटरवरून दोनदा फिरवा, एकदा π पल्स न देता आणि एकदा देऊन. फेजचे दोन वक्र 7.0050 आणि 7.0039 वर वळताना दिसतील. त्यांच्यातलं अंतर 2χ. हा आकडा तुमच्या g, Δ आणि मोजलेल्या α वरून काढलेल्या आकड्याशी ताडून बघा. 10–15 टक्के फरक चालेल, कारण आपण वेगानं फिरणारी पदं सोडली आहेत. दुपटीचा फरक आला तर α किंवा g चा आकडा चुकलाय.

रीडआउटचा सूर मध्यावर ठेवा. 800 नॅनोसेकंदांचा रीडआउट पल्स सोडा, परतलेला संकेत खाली मिसळून I आणि Q असे दोन आकडे काढा. प्रत्येक वेळी एक ठिपका. काही हजार वेळा 0 तयार करून आणि काही हजार वेळा 1 तयार करून ठिपके टाकले की दोन ढग उमटतात. ढगाचा आकार अॅम्प्लिफायरचा गोंगाट ठरवतो. 4 केल्विनच्या टप्प्यावरचा हेम्ट अॅम्प्लिफायर एकटा असेल, आणि साखळीचं गोंगाट-तापमान 4 केल्विन धरलं, तर 7 गिगाहर्ट्झला तो जवळपास 12 फोटॉनांचा गोंगाट होतो. त्याच्या आधी जोसेफसन पॅरामेट्रिक अॅम्प्लिफायर लावला की गोंगाट एका फोटॉनच्या आसपास येतो आणि ढग एकदम आवळतात. अशाच अॅम्प्लिफायरच्या जोरावर 2011 मध्ये बर्कलीत आर. विजय, स्लिक्टर आणि सिद्दीकी यांनी क्युबिटच्या क्वांटम उड्या एकेक करून पाहिल्या. यातले विजय, म्हणजे आर. विजयराघवन, पुढे मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आले आणि तिथे अतिवाहक क्युबिटांची प्रयोगशाळा उभी राहिली.

ढगांकडे नीट बघायला शिका. 1 च्या ढगातून 0 च्या दिशेनं शेपूट निघालेली असेल तर वाचन चालू असतानाच क्युबिट खाली पडतोय. ही चूक साधारण वाचनाचा काळ भागिले दुप्पट T1 एवढी असते, T1 म्हणजे 1 मधला क्युबिट खाली यायला लागणारा सरासरी काळ. T1 जर 40 मायक्रोसेकंद असेल तर 800 नॅनोसेकंदांसाठी ती 1 टक्का. पल्स लांबवून ढग आणखी वेगळे करता येतील, पण शेपूटही वाढेल.

0 तयार केला असताना 1 च्या जागी लहानसा पुंजका असेल तर क्युबिट पुरेसा थंड नाही. 5 गिगाहर्ट्झ म्हणजे 240 मिलिकेल्विन. पुंजक्यात 1 टक्का ठिपके असतील तर क्युबिटचं प्रत्यक्ष तापमान 52 मिलिकेल्विनच्या घरात आहे, फ्रिजचा थर्मामीटर काहीही दाखवो. अशा वेळी अॅटेन्युएटर, फिल्टर आणि चिपभोवतीचं प्रकाशरोधी आवरण तपासा.

आणि कधीकधी तिसरा ढग दिसतो. क्युबिट 2 मध्ये गेला की आपल्या आकड्यांनुसार रेझोनेटर 7.0031 वर जातो. 7.00445 च्या सुराला त्याचा फेज वर्तुळावर 1 च्या ढगाच्या पुढे आणखी 45 अंशांवर पडतो. सरळ रेषेनं 0 आणि 1 वेगळे केले तर हे सगळे ठिपके 1 मध्ये मोजले जातात आणि गळती लपून राहते. ट्रान्समॉनचा जिना दोन पायऱ्यांवर संपत नाही, म्हणून वर्गीकरण करताना तिसऱ्या ढगाला जागा ठेवा.

पायरी 7: पॉवर कुठे थांबवायची

ढग जवळ असतील तर पहिला मोह पॉवर वाढवण्याचा होतो. फोटॉनांची एक मर्यादा सूत्रातून येते:

```
n_crit = Δ²/(4g²) = 2000²/(4·100²) = 100
```

ही भिंत आहे असं समजू नका. डिस्पर्सिव्ह गणित कुठे कोसळतं याची ती ढोबळ खूण आहे. ट्रान्समॉनमध्ये गोष्टी बऱ्याच आधी बिघडतात. वर अनेक पातळ्या असल्यामुळे ठरावीक फोटॉनसंख्येला रीडआउटचा सूर क्युबिटला 2 च्याही वर, कधी cos च्या विहिरीबाहेर फेकतो. मी 10 फोटॉनांपासून सुरुवात करतो आणि तपासत वर जातो.

तपासायची रीत अशी. 1 तयार करा आणि एकामागोमाग दोनदा वाचा. पहिलं वाचन 1 आलं असेल तर दुसरं किती वेळा 1 येतं? वाचनांच्या मध्यांमध्ये 1 मायक्रोसेकंदाचं अंतर आणि T1 40 मायक्रोसेकंद असेल तर नैसर्गिक घट 2.5 टक्के. त्यात वाचनाची स्वतःची चूक मिळवा. यापेक्षा स्पष्ट जास्त वेळा उत्तर बदलत असेल तर वाचनच क्युबिटला हलवतंय, आणि पॉवर खाली आणायला हवी. हाच आलेख पॉवर बदलत काढला तर कुठून बिघडायला लागतं ते दिसतं. बिघाड सरळ चढत नाही, ठरावीक पॉवरींना उंचवटे येतात. उंचवट्याच्या पलीकडची शांत जागा बघून तिथे जायचा मोह टाळा. रेझोनेटर भरताना त्या वाईट संख्येतून जावंच लागतं.

वाचन संपल्यावर रेझोनेटर रिकामा व्हायला वेळ द्या. 1/κ म्हणजे 145 नॅनोसेकंद. 10 फोटॉनांवरून शंभरांश फोटॉनवर यायला त्याच्या सातपट, म्हणजे 1 मायक्रोसेकंद लागतो. त्याआधी पुढचा पल्स दिला तर क्युबिट 4.995 वर नसतो आणि गेट चुकतं. पल्सच्या कॅलिब्रेशनमध्ये रोज थोडा बदल दिसत असेल तर मी आधी हीच वेळ वाढवून बघतो.

उरतो T1 चा प्रश्न. रेझोनेटरमधून केबलकडे जाणारी वाट क्युबिटलाही थोडी उघडी असते. हा पर्सेल क्षय κ(g/Δ)² एवढा, आपल्या चिपवर 58 मायक्रोसेकंदांची कमाल मर्यादा. पदार्थ कितीही चांगला असला तरी T1 त्यापलीकडे जाणार नाही. g वाढवून χ वाढवला तर ही मर्यादा χ च्याच प्रमाणात घटते, आणि शिवाय n_crit ही खाली येतो. Δ कमी करूनही तेच होतं. म्हणून χ वाढवायचा असेल तर सोबत पर्सेल फिल्टर लावावा लागतो. रेझोनेटर आणि केबल यांच्यामध्ये ठेवलेला हा फिल्टर 7 गिगाहर्ट्झला वाट देतो आणि 5 ला अडवतो. तो असेल तर g आणि κ दोन्ही वाढवून वाचन 200–300 नॅनोसेकंदांत आणता येतं. पण हे करताना प्रत्येक आकड्यावर पायरी 3 चा बेरजेचा हिशोब पुन्हा लावा, 0 साठी एकदा आणि 1 साठी एकदा, α चा मोजलेला आकडा घालून.